स्कॉलरशिपच्या पोर्टलवर ‘Submit’ दाबण्याआधी

माझी भाची धरमपेठेत राहते. नागपूर विद्यापीठाची तीन वर्षांची बी.एस्सी. झाली आहे आणि एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष चालू आहे. एका अमेरिकन विद्यापीठाचा अर्ज भरायला बसली, तेव्हा सुरुवातीलाच प्रश्न आला: तुमच्याकडे चार वर्षांच्या बॅचलर पदवीच्या तोडीची पात्रता आहे का, किंवा प्रवेशापूर्वी ती मिळणार आहे का? पदवी तीन वर्षांची, म्हणून तिने प्रामाणिकपणे ‘No’ निवडलं. लाल अक्षरं नाहीत की काही सूचना नाही. फक्त डावीकडच्या यादीतून स्कॉलरशिपचं पानच गायब झालं.

अशा प्रश्नांची रचनाच तशी असते. उत्तरानुसार पुढची पानं उघडतात किंवा लपतात. म्हणून पहिलं काम हे, की प्रत्येक पात्रतेच्या प्रश्नाखालची बारीक अक्षरं आणि त्या स्कॉलरशिपचे नियम शेजारी उघडे ठेवून वाचा. आमच्या बाबतीत खालच्या ओळीतच लिहिलं होतं की तीन वर्षांची पदवी आणि त्यावर पूर्ण झालेली मास्टर्स पदवी चालेल. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपमध्येही बॅचलर पदवी चार वर्षांपेक्षा कमी असेल तर मास्टर्स पूर्ण असली तरी चालतं. पण तिथे ती आधीच पूर्ण हवी. ‘होणार आहे’ आणि ‘झाली आहे’ यातला हा फरकच अनेकांना नडतो. भाचीच्या अर्जात ‘प्रवेशापूर्वी’ हा शब्द होता, म्हणून ‘Yes’ बरोबर ठरलं. उत्तर बदलून सेव्ह केलं आणि पान परत दिसलं.

उलट बाजूही लक्षात घ्या. पोर्टलने पुढे जाऊ दिलं म्हणजे तुम्ही पात्र ठरलात असं नाही. यंत्र फक्त तुम्ही निवडलेला पर्याय बघतं, मार्कशीट नंतर माणूस बघतो. गुण मार्कशीटवर जसे आहेत तसेच भरा. सीजीपीए दहापैकी असेल तर स्केल दहाचाच निवडा. स्वतः हिशेब करून चारपैकी आकडा टाकू नका, पोर्टलने तसं सांगितलं असेल तरच करा.

शिफारसपत्रांचा भाग मला सगळ्यात नाजूक वाटतो, कारण तिथलं काम दुसऱ्याच्या हातात असतं. बरीच अमेरिकन विद्यापीठं स्लेट नावाची प्रणाली वापरतात. त्यात सरांचं नाव आणि ईमेल भरून सेव्ह केलं तरी निमंत्रण जात नाही, ते ‘Send to Recommender’ दाबल्यावरच जातं. त्याआधी पत्र वाचण्याचा हक्क सोडता का, असं विचारतात. बहुतेक जण तो सोडतात, कारण मग पत्र मोकळेपणाने लिहिलंय असं निवड करणाऱ्यांना वाटतं. एकदा पाठवलं की ईमेलमधली चूक दुरुस्त करता येत नाही. तो शिफारसकर्ता ‘Exclude’ करून नव्याने भरावा लागतो. म्हणून पत्ता सरांकडून व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, फोनवर ऐकून टाइप करू नका. त्याच दिवशी विचारा, “सर, मेल आला का? स्पॅममध्ये बघता का?” मेल विद्यापीठाकडून येतो, तुमच्या नावाने नाही, त्यामुळे तो सहज दुर्लक्षित होतो.

“तूच लिहून आण, मी सही करतो,” असं कुणी म्हणालं, तर तुमच्या प्रोजेक्टचे मुद्दे आणि गुण एका पानावर द्या. लिंक मात्र स्वतःकडे मागू नका. ती फक्त त्यांच्यासाठी आहे आणि पत्र त्यांनीच अपलोड करायचं.

आता सबमिशन. काही पोर्टल पत्रं येण्याआधीही सबमिट करू देतात, काही आधी पत्रं मागतात. हे सूचनांच्या पानावर शोधाच. पहिल्या प्रकारात थांबू नका, कारण सबमिटनंतरही स्टेटस पानावरून आठवण पाठवता येते. सबमिट झाल्यावर निबंध, गुण, निवडलेला अभ्यासक्रम सगळं कुलूपबंद होतं. म्हणून आधी संपूर्ण अर्जाची पीडीएफ काढून कागदावर वाचा. भाचीच्या निबंधात शेवटचा परिच्छेद शब्दमर्यादेमुळे अर्धाच पेस्ट झाला होता. पडद्यावर तो कुणालाच दिसला नव्हता.

शुल्क असेल तर स्टेटस ‘Awaiting Payment’ वर अडकू शकतं. आपल्या बहुतेक कार्डांवर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीपासून बंद असतात, तेव्हा बँकेच्या अॅपमधून ते दोन दिवस आधी सुरू करा.

वेळही नीट बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची 1 डिसेंबर, रात्री 11:59 म्हणजे नागपुरात 2 डिसेंबरची सकाळ, 10:29. मुदत ऑक्टोबरच्या मध्यात असेल तर तिकडे घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणून आपल्याकडे 9:29. आम्ही तीन दिवस आधी, संध्याकाळी सबमिट केलं. दुसऱ्या दिवशी दोन पत्रांपुढे ‘Received’ दिसलं, तिसरं मात्र सरांना पुन्हा फोन केल्यावर आलं.