महिनाभर ताप आणि निदान नाही: तपासण्यांचा क्रम चुकतो तिथे या चुका टाळा

तीन आठवड्यांहून जास्त दिवस ताप, अनेकदा 101 अंश फॅरनहाइटच्या (38.3 सेल्सियस) वर, आणि तपासण्या करूनही कारण हाती लागत नाही. अशा तापाची व्याख्या पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी 1961 मध्ये केली. त्यात रुग्णालयात आठवडाभर तपासण्या होऊनही निदान न होणं ही अट होती. 1991 मध्ये ती तीन दिवस भरती किंवा बाह्यरुग्ण विभागात तीन फेऱ्या इतकी सैल झाली. कारणांचे मुख्य गट तीन: जंतुसंसर्ग, कर्करोग आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीतून उठणारा दाह. आपल्याकडे संसर्ग आघाडीवर असतो, त्यातही क्षयरोग, तोही बऱ्याचदा फुप्फुसाबाहेरचा. म्हणूनच घाईत सगळ्यांवर क्षयाचं लेबल लागतं. निदान हुकतं ते बहुतेक वेळा क्रम उलटा झाल्यामुळे: नमुना घेण्याआधी औषध दिलं जातं आणि ते औषध खुणाच पुसून टाकतं.

ताप मोजलाच नाही

‘रोज संध्याकाळी कणकण येते’ म्हणजे ताप नव्हे. दर चार ते सहा तासांनी थर्मामीटर लावून आकडा, वेळ, नाडी आणि पॅरासिटामॉलची गोळी कधी घेतली हे एका कागदावर लिहा. गोळीची वेळ लिहिली नाही, तर उतरलेला ताप आजाराचा की गोळीचा हे कळत नाही. दिवसातून एकदोनदा ठरावीक वेळी ताप चढतो आणि मध्ये पूर्ण उतरतो, सोबत घसादुखी, सांधेदुखी आणि ताप असतानाच उमटणारं फिकट गुलाबी पुरळ, असं चित्र असेल तर प्रौढांतला स्टिल्स आजार आठवायला हवा. मात्र नुसत्या आलेखावरून निदान करू नका. क्षयाचा ताप कोणत्याही रूपात येऊ शकतो.

आधीपासून चालू असलेली औषधंही याच कागदावर लिहा. फिटच्या गोळ्या, सल्फा किंवा अँटिबायोटिक यांनीही आठवडेच्या आठवडे ताप राहतो. औषध थांबवल्यावर तो बहुधा दोन-तीन दिवसांत जातो. निम्मा खर्च वाचवणारी ही तपासणी फुकट आहे, तरी ती शेवटी आठवते.

कल्चरआधी अँटिबायोटिक, आणि विडालवर भरवसा

विडाल या रक्तचाचणीच्या एकाच रिपोर्टवर टायफॉइड ठरवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. आपल्या भागात निरोगी माणसाच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडं असतात आणि दुसऱ्या तापांतही ती वाढलेली दिसतात. रिपोर्ट पाहून सेफ्ट्रायॅक्सोन सुरू होतं आणि नंतर घेतलेलं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणारी तपासणी, ‘वाढ नाही’ म्हणून येतं. हृदयाच्या झडपेवर जंतू बसले असतील तर तेही याच वाटेने लपतात.

रुग्ण स्थिर असेल तर आधी कल्चरचे तीन संच, वेगवेगळ्या शिरांतून. मोठ्या माणसाच्या प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त हवं. दोन मिलिलिटर टाकून भरलेली बाटली रिकामीच समजा, कारण रक्तात जंतू फार थोडे असतात. अँटिबायोटिक चालू असेल आणि प्रकृती झेपत असेल, तर ते दोन-तीन दिवस थांबवून मग रक्त घ्या. रक्तदाब घसरलेला, पांढऱ्या पेशी फार कमी किंवा भान हरपलेलं असेल तर मात्र वाट पाहायची नाही. कल्चर काढा आणि त्याच तासात औषध सुरू करा.

गोठा विचारायचा राहिला

समजा, छत्तीस वर्षांचा शेतकरी, सहा म्हशी. सहा आठवडे संध्याकाळी ताप, रात्री घाम, कंबर दुखते, पाच किलो वजन उतरलं. दुसऱ्या आठवड्यात विडालवरून इंजेक्शनं झाली. पाचव्या आठवड्यात क्षयाची त्वचेवरची मँटू चाचणी 14 मिलिमीटर आणि ईएसआर 48 निघाला, म्हणून क्षयाच्या चार गोळ्या सुरू झाल्या. दहा दिवसांत ताप उतरला आणि सगळ्यांना वाटलं, निदान बरोबर होतं.

विचारायला हवा होता एकच प्रश्न: गोठ्यात कुणी म्हैस गाभडली का? गाभडली होती, आणि अडकलेली वार त्याने उघड्या हातांनी काढली होती. हा जनावरांकडून माणसाला होणारा ब्रुसेलोसिस. क्षयाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं, त्यामुळे ताप उतरतो. पण जोडीला योग्य दुसरं औषध नसल्याने जंतू पुरते मरत नाहीत आणि आजार उलटतो. औषधाने ताप उतरण्याला पुरावा मानू नये, ते याचसाठी. मँटूही फक्त कधीकाळी जंतूशी गाठ पडल्याचं सांगतो.

इथे ब्रुसेलाची अॅग्लुटिनेशन चाचणी 1:160 किंवा वर आली तर चित्राशी जुळते. लॅबला संशय आधीच कळवा. बाटल्या नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवाव्या लागू शकतात, आणि हा जंतू लॅबमधल्या माणसांनाही लागतो. उपचार डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सहा आठवडे, जोडीला रिफॅम्पिसिन किंवा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे स्ट्रेप्टोमायसिन. मणक्यात शिरला असेल तर मुदत किमान तीन महिने.

सगळं एकदम, किंवा थेट पेट सीटी

पहिल्या फेरीत सीबीसी आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला रक्ताचा पट्टा, मलेरिया, ईएसआर, सीआरपी, यकृत-मूत्रपिंड, एलडीएच, फेरिटिन, एचआयव्ही, एएनए, लघवी, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी इतकं पुरे. यातून धागा मिळतो. तिन्ही पेशी घटल्या तर बोन मॅरो, आणि त्याचंही कल्चर. अल्कलाइन फॉस्फटेज एकटंच चढलं तर यकृत. फेरिटिन काही हजारांत गेलं तर स्टिल्स किंवा रक्तपेशी गिळणारा एचएलएच. पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी आणि चावताना जबडा दुखणं असेल तर कानशिलाची धमनी. धागा नसेल तर छाती-पोटाचं सीटी आणि हृदयाचा इको, त्यानंतर पेट सीटी. पेट फक्त जागा दाखवतं. क्षयाची गाठ आणि लिम्फोमाची, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाची गाठ त्यात सारखीच उजळते. उत्तर सुई किंवा चाकूच्या टोकाशीच असतं.

अख्खी गाठ फॉर्मॅलिनमध्ये

इथे हातातलं निदान निसटतं. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ सवयीने फॉर्मॅलिनच्या डबीत पडते, आणि त्यातले जंतू मरतात. क्षयाचं कल्चर मग होत नाही. गाठ ताजी असतानाच कापा. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चर आणि क्षयाच्या जंतूचे जनुक शोधणाऱ्या सीबीनॅटला. सूचना शस्त्रक्रियागृहात आधीच पोहोचवा, चिठ्ठी डबीवर चिकटवा. शक्य तिथे मोठी गाठ अख्खी काढा. बारीक सुईने घेतलेल्या पेशींवर लिम्फोमा हुकू शकतो. जांघेतल्या गाठी टाळा, त्या पायाच्या जखमांनीही सुजलेल्या असतात.

‘स्टेरॉइड देऊन बघू’

स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ आकसते, बायोप्सी वाचता येत नाही, आणि क्षय असेल तर तो पसरतो. अपवाद म्हणजे कानशिलाच्या धमनीचा दाह: नजर जाण्याचा धोका असल्याने तिथे स्टेरॉइड लगेच द्यायचं आणि बायोप्सी पुढच्या काही दिवसांत करायची. प्रकृती ढासळते आहे आणि रक्तातून अंगभर पसरलेल्या मिलिअरी क्षयाचा दाट संशय आहे, तिथेही सगळे नमुने काढून औषध सुरू करण्यात गैर नाही. फक्त केसपेपरवर लिहा की हे निदान नसून अंदाज आहे, आणि तो कोणत्या तारखेला पुन्हा तपासायचा.

इतकं करूनही कारण सापडलं नाही आणि रुग्ण खातो-पितो, वजन टिकून आहे, तर नवी तपासणी जोडण्याऐवजी आठवड्याने पुन्हा अंगभर हात फिरवून तपासा: गाठी, प्लीहा, हृदयाचा नवा आवाज, तोंडातले व्रण. अशा स्थिर रुग्णांपैकी बऱ्याच जणांचा ताप काही महिन्यांत आपोआप ओसरतो.