उपचारांसाठी ड्युटी बदलून मागताना या चुका टाळा

केमोथेरपी सुरू झालेल्या नर्सचा अर्ज बहुतेक वेळा एका ओळीत संपतो: "उपचार सुरू असल्याने सोयीची ड्युटी मिळावी." रोटा लावणाऱ्या मेट्रनला यातून काहीच कळत नाही. सोयीची म्हणजे कोणती, किती दिवस आणि कोणत्या वॉर्डात, हे अर्जातच लिहायला हवं.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे फक्त केमोच्या दिवसाची सुटी मागणं. 21 दिवसांच्या सायकलमध्ये पांढऱ्या पेशी साधारण दुसऱ्या आठवड्यात तळाला जातात. औषधांप्रमाणे हे दिवस थोडे पुढेमागे होतात, म्हणून ते आपल्या ऑन्कॉलॉजिस्टकडूनच लिहून घ्यावेत. समजा, केमो 3 तारखेला आहे. मग 10 ते 16 हे जपायचे दिवस. त्या आठवड्यात आयसोलेशन किंवा तापाच्या वॉर्डाऐवजी रेकॉर्डचं काम मागा.

दुसरी चूक नाईटची. 2 तारखेची नाईट रोट्यात 2 च्या रकान्यात दिसते, पण संपते 3 च्या सकाळी. मग 3 ला नाईट ऑफ आहे म्हणून कागदावर सगळं जुळतं, आणि बाई रात्रभर जागून थेट सलाईन लावून घ्यायला जाते. हा ऑफ झोपेचा असतो, उपचारांचा नव्हे. म्हणून "1 आणि 2 तारखेला नाईट नको" असं वेगळं लिहा.

तारखा पक्क्या धरून पुढच्या चार महिन्यांचा तक्ता देणंही अंगाशी येतं. पुढची केमो 24 ला, पण त्याआधीच्या रक्ततपासणीत काउंट कमी आले तर ती आठवडाभर पुढे जाऊ शकते, म्हणजे 31 ला. मग मागितलेली सुटी वाया जाते आणि खऱ्या दिवशी ड्युटी लागलेली असते. त्यापेक्षा अर्जात असं लिहा:

"केमोचा दिवस तो पहिला दिवस. त्याआधीच्या दोन रात्री नाईट नको. पहिल्या ते तिसऱ्या दिवशी सुटी. आठव्या ते चौदाव्या दिवशी संसर्गाचा धोका कमी असलेलं काम. तारीख बदलल्यास रक्ताचा रिपोर्ट आल्याच्या दिवशी कळवीन."

डॉक्टरांच्या दाखल्यावर "हलकं काम द्यावं" असं असेल तर तो परत नेऊन दुरुस्त करून घ्या. नाईट नको, संसर्गाचा वॉर्ड नको, केमोची औषधं हाताळायला नकोत, आणि हे कधीपर्यंत, एवढं त्यात स्पष्ट हवं. आजाराचा सगळा तपशील इन्चार्ज सिस्टरच्या टेबलावर फिरायची गरज नाही. मर्यादा कळल्या की रोटा लावता येतो.

38 अंश सेल्सिअस ताप आला तर चालू ड्युटी सोडून लगेच दवाखाना गाठावा लागतो. त्या वेळी हँडओव्हर कोण घेणार, हे इन्चार्जशी आधीच ठरवून अर्जात नोंदवा.

आणि हे सगळं पुढचा रोटा लागण्याआधी द्या. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घेऊन ती जवळ ठेवा.