आजीच्या स्वयंपाकघराचा फोटो: यादीतून कवितेकडे

जुना फोटो समोर ठेवून लिहायला बसलं की भांडी, फळी, खिडकी अशी नुसती यादी होते. माझा उपाय:

१. दिसतं ते सगळं पाच मिनिटांत लिहून काढा आणि तो कागद उलटा ठेवा.

२. आता चौकटीच्या कडेला कापलं गेलेलं काही शोधा. माझ्या फोटोत दाराशी स्टूल अर्धंच आलं होतं, रिकामं. त्यावरून कोण उठलं? बहुतेक फोटो काढणाराच! पहिली ओळ तिथेच सापडली: ‘तुम्ही बसायचात, ती उभीच.’

३. फोटोनंतरचं एक मिनिट लिहा, विशेषणांशिवाय. ती वळते, झाकण ठेवते, हात पुसते.

शेवटी ‘फोटोत’ हा शब्द खोडून पाहा. ओळ कोसळली, तर ते वर्णनच होतं. मात्र आजीच्या मनातलं ठामपणे सांगू नका. तिथे प्रश्नच राहू द्या.