अडीअडचणीचे पैसे कुठे ठेवायचे: सेव्हिंग, स्वीप-इन की लिक्विड फंड?

शुक्रवारी रात्री साडेनऊला हॉस्पिटलच्या काउंटरवर साठ हजार डिपॉझिट मागितलंय, आणि तुम्हीच स्ट्रेचरवर आहात असं समजा. पैसे कोण काढणार, कशातून आणि किती वेळात? व्याजाचं नंतर बघू.

आधी आकडा काढा. भाडं, किराणा, हप्ते, फी, औषधं, म्हणजे जे थांबवताच येत नाही तेवढंच धरा, फिरणं-हॉटेल सोडून द्या. समजा महिना 40 हजार होतात आणि तुम्हाला सहा महिन्यांची सोय हवीये, म्हणजे 2 लाख 40 हजार.

आता सगळेच सेव्हिंगला ठेवले तर? अडीच टक्के धरले तर वर्षाला सहा हजार मिळतात. सव्वासहा टक्क्यांच्या एफडीत पंधरा हजार. (दर बदलत राहतात, हिशोबासाठी धरलेत.) म्हणजे फरक नऊ हजारांचा, टॅक्स जायच्या आधी. हा फरक सोडवत नाही हे मान्य, पण त्याच्यासाठी सगळी रक्कम अडकवून ठेवावी एवढा मोठाही नाही.

म्हणून दुसरी पायरी, एक महिन्याचे 40 हजार सेव्हिंगला राहू द्या आणि बाकीच्यातला मोठा भाग, समजा 1 लाख 20 हजार, त्याच खात्याला जोडलेल्या स्वीप-इन एफडीत टाका. यात खात्यात पैसे कमी पडले की बँक एफडीतून लागतील तेवढेच मोडते. आपल्या उदाहरणात साठ हजारांतले 40 खात्यातून गेले आणि 20 एफडीतून, उरलेले एक लाख जुन्याच दराने चालू राहिले. मोडलेल्या 20 हजारांवर जितके दिवस ठेवले त्या मुदतीचा दर लागतो आणि बहुतेक बँका त्यातून अर्धा-एक टक्का दंड कापतात. पाच महिन्यांनी मोडले आणि सव्वासहाऐवजी पाच टक्के मिळाले तर शंभरेक रुपयांचा फटका, बस.

घोळ होतो तो दुसरीकडेच. मी हे पगाराच्या खात्यावर चालू केलं होतं. पगार आला की ठरलेल्या रकमेच्या वरचे पैसे आपोआप एफडीत जायचे, चार दिवसांनी ईएमआय आला की तीच एफडी मोडायची, आणि सात दिवसांच्या आत मोडली की व्याज शून्य. त्यात बँकेने जुनी एफडी आधी मोडायचा नियम लावला असेल तर पिकत आलेली एफडीच तुटते. तेव्हा खातं वेगळं ठेवा आणि शेवटची एफडी आधी मोडते ना, हे बँकेत विचारून घ्या. आणि हो, एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांपर्यंतच विमा असतो, रक्कम त्याच्या वर जात असेल तर दोन बँकांत विभागा.

उरलेले 80 हजार लिक्विड फंडात चालतील. हे म्युच्युअल फंड 91 दिवसांच्या आत परत येणाऱ्या कर्जरोख्यांतच पैसे लावतात, त्यामुळे चढउतार अगदी कमी, पण गॅरंटी नाही, मार्च 2020 मध्ये काही दिवस यांचेही आकडे खाली आले होते. सहा दिवसांच्या आत काढले तर एक्झिट लोड, म्हणजे पैसे काढायचं शुल्क, अगदी नगण्य लागतं, सातव्या दिवसापासून तेही नाही. टॅक्स आता दोन्हीकडे तुमच्या स्लॅबनेच. फरक इतकाच की एफडीच्या व्याजावर दरवर्षी भरायचा आणि फंडात काढाल तेव्हा. त्यामुळे टॅक्स वाचेल म्हणून फंडात जात असाल तर राहू द्या.

वेळेचं मात्र नीट समजून घ्या. काढायची रिक्वेस्ट दुपारी तीनच्या आत टाकली तर पैसे पुढच्या कामाच्या दिवशी येतात. आपली शुक्रवारी रात्रीची रिक्वेस्ट सोमवारची धरली जाणार, म्हणजे पैसे मंगळवारी, आणि मध्ये सुट्टी आली की अजून पुढे. काही फंडांत लगेच पैसे मिळायची सोय असते, पण ती दिवसाला जास्तीत जास्त 50 हजार किंवा शिल्लकेच्या 90 टक्के, यातलं जे कमी असेल ते. तुमच्या ॲपवरून ती चालते का हे घेण्याआधीच बघा, युनिट डीमॅटमध्ये असतील तर बऱ्याचदा चालत नाही.

आता स्ट्रेचरवाली गोष्ट. फंड एकट्याच्या नावावर असेल तर ओटीपी तुमच्या फोनवर येणार आणि फोन तुमच्या खिशात, लॉक केलेला. नॉमिनी आहे म्हणाल, पण नॉमिनीला पैसे तुमच्या माघारी मिळतात, तुम्ही बेशुद्ध असताना नाही. म्हणून सेव्हिंग आणि स्वीपचं खातं जॉइंट करा, दोघांपैकी कुणीही चालवेल अशा पद्धतीचं, आणि दुसऱ्याच्या फोनवर त्याचं स्वतःचं यूपीआय आणि हातात स्वतःचं डेबिट कार्ड असू द्या.

मग एखाद्या रविवारी रात्री टेस्ट घ्या. सेव्हिंगला 40 हजार असतील तर घरच्या दुसऱ्या माणसाला 41 हजार पाठवायला सांगा, तुम्ही फोनला हात लावू नका. आमच्याकडे पहिल्यांदा यूपीआयवर सरळ 'शिल्लक अपुरी' आलं, एफडी जोडलेली असून, कारण जोडणी माझ्याच लॉगिनमधून अर्धवट झाली होती. शाखेत जाऊन ती नीट करून घेतली आणि पुढच्या रविवारी बायकोने परत 41 हजार पाठवून बघितले, तेव्हा गेले.