अंतर्गत सरासरीवर सूट मिळाली, तरी परीक्षेला बसावं का?

अंतर्गत सरासरी ठरलेल्या आकड्याच्या वर गेली की काही अभ्यासक्रमांत अंतिम परीक्षेतून सूट मिळते आणि ती सरासरीच त्या विषयाचे अंतिम गुण म्हणून लागते. मला अशी सूट मिळाली आहे, आणि पुढे ज्युनिअर मुलांचे गुणही मी त्यांच्याबरोबर बसून तपासले आहेत. प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: तरीही बसून गुण वाढवून घेऊ का?

आधी नियमपुस्तिकेत एक गोष्ट शोधा. सूट असूनही परीक्षेला बसलात, तर दोहोंपैकी जास्त असलेले गुण धरतात, की परीक्षेचे गुण मिसळून नवा निकाल काढतात? जास्तीचे गुण धरत असतील तर बसण्यात गुणांचं नुकसान नाही, फक्त वेळ जातो. मिसळत असतील तर हिशेब मांडल्याशिवाय फॉर्म भरू नका.

एका मुलीचा हिशेब मी तिच्याबरोबर केला होता. सूट ७५ ला होती आणि तिची सरासरी ७८.२. बसली तर अंतर्गत गुणांना ६० टक्के आणि परीक्षेला ४० टक्के वेटेज. तिला ८० ची वरची श्रेणी हवी होती. दोनच गुण तर कमी आहेत, असं तिला वाटत होतं. ७८.२ चे ६० टक्के म्हणजे ४६.९२. ८० पर्यंत जायला उरलेले ३३.०८ परीक्षेतून आणायचे, म्हणजे परीक्षेत १०० पैकी जवळजवळ ८३ हवेत. वर दिसणारे दोन गुण परीक्षेच्या खोलीत असे फुगतात. वेटेज काहीही असो, परीक्षेत स्वतःच्या सरासरीपेक्षा जास्त मिळाले तरच निकाल वर जातो. कमी मिळाले की खाली येतो.

मग तिला ८३ मिळण्यासारखे होते का? सरासरी कशाची बनली आहे, ते इथे बघावं लागतं. तिला गृहपाठात ९०, प्रकल्पात ८२ आणि दोन चाचण्यांत ६८ आणि ६५ होते. गृहपाठ आणि प्रकल्पाला ३०-३० टक्के, प्रत्येक चाचणीला २०. गृहपाठ पुस्तक उघडं ठेवून, मैत्रिणींशी बोलून, हवा तेवढा वेळ घेऊन केलेला. अंतिम परीक्षा मात्र चाचणीसारखी असते: घड्याळ लावलेलं, पुस्तक बंद. त्यामुळे अंदाज बांधायचा तो ६८ आणि ६५ वरून. परीक्षेत ६८ मिळाले असते तर निकाल ७४.१ वर आला असता, म्हणजे हातात असलेले ७८ ही गेले असते. नुसतं ७५ टिकवायलाही परीक्षेत ७० च्या वर लागत होते. तिने सूट घेतली आणि तो वेळ दुसऱ्या विषयाला दिला, जिथे ती उत्तीर्ण होण्याच्या रेषेवर होती. मला तो निर्णय पूर्ण बरोबर वाटला.

हेच आकडे उलटे असते, म्हणजे चाचण्यांत ८८ आणि सरासरी मात्र एका उशिरा दिलेल्या गृहपाठामुळे खाली आलेली, तर मी तिला बसायलाच सांगितलं असतं.

दोन बारीक अटींकडे लक्ष द्या, कारण त्या नंतर कळल्या तर उपयोग नसतो. काही ठिकाणी परीक्षेला बसलं की त्या परीक्षेतले स्वतंत्र किमान गुण लागू होतात. ते मिळाले नाहीत तर सरासरी कितीही असली तरी विषय राहू शकतो. आणि नाव नोंदवून ऐनवेळी गेलं नाही, तर त्याला सूट धरतात की गैरहजर, हे लेखी विचारून घ्या. सरासरी ७४.६ असेल तर ती ७५ धरतात का, हेही तेव्हाच विचारा. प्रत्येक ठिकाणी पूर्णांक करतातच असं नाही.

गुणांपलीकडचं एकच कारण मला वजनदार वाटतं. शेवटच्या चाचणीनंतर शिकवलेला भाग कुणी तपासलेलाच नसतो, आणि पुढचा विषय बहुधा तिथूनच सुरू होतो. पण त्यासाठी गुण पणाला लावायची गरज नाही. मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका घ्या, पूर्ण वेळ लावून पुस्तक न उघडता सोडवा आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या. तपासणारा कडक असावा. आपल्याच उत्तरांना आपण सढळ हाताने गुण देतो. हे नाव नोंदवण्याच्या किंवा मागे घेण्याच्या शेवटच्या तारखेआधी केलं तर शेवटच्या भागाची उजळणी होते, आणि वरच्या हिशेबात अंदाजाच्या जागी घालायला खरा आकडाही मिळतो. तो आकडा लागणाऱ्या गुणांच्या चार-पाच गुण वर असेल तर मी बसते. जेमतेम बरोबरीचा असेल तर नाही, कारण खऱ्या परीक्षेत एखादा अनपेक्षित प्रश्न तेवढं सहज खातो.