अपघाताचा फोन, रुग्णालयाची अनामत : या चुका टाळा

समजा, फोंड्यातील एका घरी दुपारी फोन येतो : "मावशी, तुमच्या मुलाला वेर्ण्याजवळ अपघात झाला, त्याला बांबोळीच्या रुग्णालयात आणलं आहे, ऑपरेशनसाठी चाळीस हजार लगेच पाठवा." घाबरलेली आई विचारते, "कोण, आमचा धाकटा? वेर्ण्याच्या कंपनीतला?" आणि त्याचे नावही घेते. पहिली चूक इथेच होते, कारण तोपर्यंत फोन करणाऱ्याला ते नाव बहुधा ठाऊकच नसते. आपण नाव न घेता "त्याचं पूर्ण नाव आणि वय सांगा" असे विचारावे.

दुसरी चूक म्हणजे फोन चालू ठेवणे. "ठेवू नका, डॉक्टर थांबले आहेत" असे म्हणण्याचा हेतू एवढाच की, आपण मुलाला फोन लावू नये. फोन तोडून आधी त्यालाच लावावा. त्याने उचलला नाही, तर तेवढ्यावरून अपघात खरा ठरत नाही, कारण काही कारखान्यांत पाळी चालू असताना मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. मग सहकाऱ्याला किंवा कंपनीच्या गेटवर विचारावे.

तिसरी चूक अधिक फसवी असते. खात्री करण्यासाठी आपण "डॉक्टरांचा" म्हणून फोन करणाऱ्यानेच दिलेला क्रमांक फिरवतो, आणि पलीकडे त्याचाच साथीदार बसलेला असतो. रुग्णालयाचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावरून किंवा जुन्या केसपेपरवरून घ्यावा व कॅज्युअल्टीत त्या नावाचा रुग्ण दाखल आहे का ते विचारावे. रस्ता अपघातातील जखमीची नोंद वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून होत असल्याने पोलिसांनाही विचारता येते. त्यासाठी 112 आहे.

आता पैशांविषयी. जखमीवर आधी तातडीचे उपचार करावेत, कायदेशीर सोपस्कारांसाठी विलंब लावू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1989 पासूनचा निर्णय आहे. खासगी रुग्णालय पुढील शस्त्रक्रियेसाठी अनामत मागू शकते, हे खरे. पण ती बिलिंग काउंटरवर, संस्थेच्या नावाने, पावती घेऊन भरायची असते. यूपीआयवर पिन टाकण्याआधी दिसणारे नाव वाचावे. तिथे एखाद्या व्यक्तीचे नाव आले, मग फोन करणारा त्याला "अकाउंटंटचा नंबर" का म्हणेना, तर व्यवहार तिथेच सोडावा.

पैसे गेलेच, तर त्या माणसाला पुन्हा पुन्हा फोन करण्यात वेळ दवडू नये. तत्काळ 1930 वर कळवावे, आपल्या बँकेलाही सांगावे आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्याआधी गोठवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते. म्हणून यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि आलेला फोन क्रमांक लिहून हाताशी ठेवावा.