आवाज मराठी, अक्षरं हिंदी: दुकानाच्या ३० सेकंदांच्या व्हिडिओसाठी

वरुडच्या बाजारात उभं राहिलं की अर्धं गिऱ्हाईक वऱ्हाडी बोलतं आणि अर्धं सीमेपलीकडून, मध्य प्रदेशातल्या मुलताईकडून आलेलं, हिंदी बोलणारं. अशा गावात दुकानाचा व्हिडिओ करणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे ‘सगळं दोन्ही भाषांत सांगून टाका’. तो ऐकू नका. ३० सेकंदांत निवांत बोलायचं तर साठेक शब्द बसतात. तेच दोनदा म्हणायला गेलात की प्रत्येक भाषेच्या वाट्याला तीस येतात आणि ऐकणारा निम्मा वेळ आपली भाषा येण्याची वाट पाहत बसतो.

मी आवाज मराठी ठेवतो आणि खाली अक्षरं हिंदी. शेवटच्या वाक्याला उलट करतो, म्हणजे बोलायचं हिंदीत आणि अक्षरं मराठीत. त्यामुळे दोघांनाही आपली भाषा एकदा कानाने आणि एकदा डोळ्याने मिळते.

आधी मराठी लिहा, बोलता तशीच. ‘याले’, ‘तुमाले’ येऊ द्या.

खरी अडचण हिंदी ओळींत आहे. कारण लिपी एकच असल्यामुळे आपल्याला वाटतं की शब्द जरासे फिरवले की झाली हिंदी. मीही तसंच करायचो. एका लाकडी घाण्यासाठी जवसाच्या तेलाचा व्हिडिओ केला आणि खाली लिहिलं, ‘जवस का ताजा तेल’. पहिल्याच आठवड्यात पलीकडच्या गिऱ्हाइकांनी विचारलं, जौ का भी तेल निकलता है क्या? जवस म्हणजे हिंदीत अलसी, आणि जौ म्हणजे आपले जव. मग मी ‘कच्ची घानी’ लिहून पाहिलं. तेही फसलं, कारण हिंदी बाजारात हे शब्द मोहरीच्या तेलाला इतके चिकटलेत की लोक सरसों मागायला आले. शेवटी ‘लकड़ी की घानी का अलसी तेल’ लिहिलं, तेव्हा प्रश्न थांबले.

म्हणून मालाचं नाव शब्दकोशात पाहून लिहू नका. हिंदी बोलणारं गिऱ्हाईक तो माल कोणत्या नावानं मागतं ते काउंटरवर ऐका आणि तेच लिहा.

दुसरं, लिंग. आपल्याकडे ‘घाण्याचा आवाज’, हिंदीत ‘घानी की आवाज़’. आपली चव स्त्रीलिंगी, तर हिंदीतला स्वाद पुल्लिंगी. मराठी डोक्याने लिहिलं की ‘अच्छी स्वाद’ होतं, आणि हिंदीवाल्याला ते पहिल्या झटक्यात खटकतं. हिंदी घरात वाढलेल्या एखाद्या माणसाकडून ओळी वाचून घ्याच. आपल्याला हिंदी येते हा आपल्या सगळ्यांचा समज असतो, आणि नेमकी तिथेच चूक राहते.

तिसरं, वाक्याला वाक्य लावू नका. त्या घाण्याचा मालक म्हणाला होता, ‘तेल निघालं की दोन दिवस गाळ बसू देतो, मंगच बाटलीत भरतो.’ याची शब्दशः हिंदी दोन ओळींत मावेना, आणि ‘गाळ’ला काय म्हणायचं यावर मी अर्धा तास घालवला. अखेर लिहिलं, ‘दो दिन रखकर, साफ़ होने पर भरते हैं’. आवाज सगळी गोष्ट सांगतो, अक्षरांनी फक्त गाभा सांगायचा. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको, आणि त्या किमान दोन सेकंद तरी टिकू द्या.

भाव तोंडाने ‘अडीचशे’ म्हणा, पण पडद्यावर आकडाच दाखवा. हिंदीत त्याला ढाई सौ म्हणतात आणि वेगात बोललेलं ‘अडीचशे’ निसटतं. तारखेच्या जागी ‘कल’ लिहू नका. हिंदीत काल आणि उद्या दोन्हींना तोच शब्द, आणि व्हिडिओ पुढे पाठवला गेला की तो कोणत्या दिवशीचा हे कुणालाच कळत नाही. सोमवार दोन्हीकडे सोमवारच असतो, तो लिहा.

शेवटचं वाक्य आम्ही असं ठेवलं. आवाज: ‘सोमवार के बाज़ार में आइए, बोतल घर से लाइए.’ अक्षरं: ‘सोमवारी बाजारात या, बाटली घरून आणा.’ आधी मी ‘खाली बोतल’ लिहिलं होतं. हिंदीत त्याचा अर्थ रिकामी, पण मराठी कान ‘खाली’ म्हणजे तळाशी असाच घेतो, म्हणून तो शब्द काढला.

अक्षरं पडद्याच्या अगदी तळाला नकोत, रीलमध्ये तिथे खात्याचं नाव येतं.

टाकण्याआधी व्हिडिओ आवाज बंद करून एका हिंदी गिऱ्हाइकाला दाखवा आणि विचारा, काय विकतोय आणि कधी यायचं? मग फोन उलटा ठेवून तोच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नुसता ऐकवा. दोघांपैकी जो अडखळेल त्याची ओळ पुन्हा लिहा.